दुकान तेच, गिऱ्हाईक तेच, फक्त संध्याकाळी एक पान लिहायचं

प्रश्न: माझं दुकान आहे, एकटाच सांभाळतो, मदतीला एक मुलगा. सकाळपासून रात्रीपर्यंत उभा असतो आणि तरी काहीच झालं नाही असं वाटतं. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं नियोजन लिहून ठेवल्याने खरंच काही बदलतं का? कुणाचा अनुभव आहे का?

बदलतं. पण पुस्तकी यादी लिहिली तर नाही बदलत. माझ्या काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्यांचे हिशेब मी बघतो, त्यामुळे हा सगळा प्रकार काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलाय. त्यांचंच सांगतो.

काका आळशी अजिबात नाहीत. शटर वर गेलं की माणूस उभा तो उभाच. तरी रात्री जेवताना तोंड एवढंसं झालेलं असायचं. काकूंनी काही विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आज काही सुधरलंच नाही.’ मी एकदा सुट्टीच्या दिवसात सकाळपासून त्यांच्याजवळ बसलो, तेव्हा गोम लक्षात आली. विक्रीने ते दमत नव्हतेच. गिऱ्हाईक समोर असलं की काका मजेत असतात. गिऱ्हाईक नसलेली पाच-दहा मिनिटं त्यांना दमवत होती. दुकान रिकामं झालं की ते खुर्चीत टेकायचे आणि डोक्यात एकदम सगळं सुरू व्हायचं: रंगवाल्याला फोन करायचाय, खिळ्यांचे खोके वरून काढायचेत, कालचं चलन चढवायचं राहिलंय, अमक्याची उधारी थकलीय. यातलं आधी कुठलं करू याचा विचार होईपर्यंत पुढचं गिऱ्हाईक पायरीवर. म्हणजे काम शून्य आणि त्रास कामाएवढाच. दिवसातून असं किती वेळा व्हायचं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीही दुकानदार आहात.

दुकानाचा दिवस ऑफिससारखा नसतो, हे नियोजन शिकवणारे बहुतेक लोक विसरतात. आपल्याकडे सलग दोन तास कुणी देत नाही. वेळ तुकड्यांनी मिळतो आणि पुढचा तुकडा केव्हा, केवढा मिळेल हेही माहीत नसतं. म्हणून काकांची पहिली वही आठवड्यातच बारगळली. त्यात त्यांनी वेळा टाकल्या होत्या. 11 वाजता मालाची मोजणी, 12 वाजता फोन, असं. 11 वाजता एक प्लंबर लांबलचक यादी घेऊन आला आणि 12 वाजेपर्यंत हललाच नाही. यादी बिघडली की काकांचा पुढचा दिवस आणखी चिडचिडा जायचा, कारण आता वर लिहून ठेवलेल्याची टोचणी. वही नव्हती तेव्हा निदान ती तरी नव्हती.

मग त्यांनी घड्याळ सोडलं आणि पानाचे तीन भाग केले. ही रचना त्यांचीच. मी फक्त शेजारी बसून ‘हे कशाला?’ एवढंच विचारत होतो.

वरचा भाग शटर उघडायच्या आधीचा. इथे एकच काम लिहायचं, आणि तेही असं की जे मध्येच तुटलं तर वाया जाईल. वरच्या रॅकची मोजणी, महिन्याचे कागद लावणं, एखाद्या होलसेलवाल्याचं बिल आणि आलेला माल ताडून बघणं. यासाठी काका शटर अर्धं ठेवून अर्धा तास काढतात. पूर्वीही ते त्या वेळी दुकानात असायचेच, पण झाडलोट आणि पेपर यात तो वेळ जायचा. झाडलोट आता दुकानात मदतीला असलेला मुलगा करतो.

मधला भाग फटींचा. काकांचाच शब्द. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत बसतील अशी कामं, प्रत्येक दहा मिनिटांच्या आतलं. इथे खरी मेख आहे. ‘खिळ्यांचा माल लावणे’ हे फटीत बसत नाही. ‘दीड इंची खिळ्यांचं खोकं खाली काढणे, बरणी भरणे’ हे बसतं. नुसतं काम लिहायचं नाही, हात आधी कुठे जाणार ते लिहायचं. म्हणजे फट मिळाली की विचार करायची गरजच उरत नाही, पान बघायचं आणि उठायचं. काकांच्या पानावर मी ‘रंगवाला’ अशी ओळ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच पडून राहिलेलीही पाहिली. रंगवाल्याचं काय? फोन करायचा, की डबे परत द्यायचे, की जुनं बिल काढायचं? संध्याकाळी लिहिताना सगळं आठवत असतं म्हणून आपण एका शब्दात उरकतो, आणि दुपारी तोच शब्द कोडं होऊन बसतो. आता ते लिहितात: ‘रंगवाल्याला फोन, गळके दोन डबे बदलून दे, बिल निळ्या फाईलीत वरच.’

खालचा भाग ‘असं झालं तर’ असा आहे. दुकानात काही गोष्टी कधी होणार ते ठाऊक नसतं, पण होणार हे नक्की असतं. मालाची गाडी येणार. गर्दीच्या वेळीच येणार, त्यातही शंका नाही. पूर्वी गाडीवाला घाई करायचा, काका चलनावर सही करून मोकळे व्हायचे आणि रात्री दोन खोकी कमी निघायची. नंतर फोनवर कितीही भांडलं तरी सही आपली असते. म्हणून आता खाली लिहिलेलं असतं: ‘गाडी आली की आधी खोकी मोजायची, फुटकं असेल तर चलनावरच लिहायचं, मग सही. तोवर काउंटर मुलाकडे.’ मानसशास्त्रात या धाटणीच्या योजनेवर बराच अभ्यास झालाय. पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये त्यावर मांडणी केली. अमुक घडलं की मी तमुक करीन असं आधीच जोडून ठेवलेलं काम, नुसत्या ‘करायचं आहे’ म्हणण्यापेक्षा जास्त वेळा होतं, असा त्याचा गाभा. काकांना गोल्विट्झर माहीत नाहीत. त्यांना गाडीवाला माहीत आहे.

एका संध्याकाळचं पान जवळून दाखवतो, म्हणजे अंदाज येईल. वर: ‘नळाच्या रॅकची मोजणी, फक्त डावी बाजू.’ मधे पाच ओळी: खिळ्यांची बरणी, रंगवाल्याचा फोन, कुलपांच्या चिठ्ठ्या बदलणे, ड्रिल बिटचा तुटका सेट परतीच्या खोक्यात टाकणे, कालची दोन चलनं चढवणे. खाली दोन ओळी: गाडीची, आणि ‘अर्धा इंची अँगल कॉक मागायला कुणी आलं तर उद्या येतील सांगून नंबर लिहून घेणे.’ एवढंच. आठ ओळी आणि खाली रिकामं पान. सुरुवातीला ते पान भरेपर्यंत लिहायचे, जागा उरली की चैन पडायची नाही. पण मधल्या भागातल्या पाचपैकी चार झाल्या तरी तो चांगला दिवस असतो, आणि लिहिलेल्या पंधरांपैकी सात झाल्या तर रडका. प्रत्यक्षात सात झालेल्या दिवशी काम जास्त झालेलं असतं, पण मनाला ते कोण सांगणार. आता पाचच्या वर ओळ जात नाही. सहावी सुचलीच तर एक खोडून.

ती शेवटची अँगल कॉकची ओळ तीन संध्याकाळी लागोपाठ आली होती, आणि वहीचा सगळ्यात मोठा फायदा तिथून निघाला. काकांचा एक नियम आहे: जी ओळ तिसऱ्यांदा उतरवावी लागते ती चौथ्यांदा तशीच उतरवायची नाही. एक तर तिचे तुकडे करायचे, नाहीतर दुसऱ्या कुणाला द्यायची, नाहीतर सरळ काट मारायची. कारण तीनदा राहिलेल्या कामात वेळ कमी पडलेला नसतो, दुसरंच काही असतं. इथे काय होतं? तर माल संपला की मग मागवायचा, ही वर्षानुवर्षांची सवय. गिऱ्हाईक परत जातंय हे रोज दिसत होतं, पण रोजच्या धबडग्यात ते वेगवेगळं दिसत होतं. वहीत एकाखाली एक आल्यावर ते एकच दुखणं आहे हे कळलं.

मग आम्ही दोघं बसलो आणि बिलबुकातून काढलं. अँगल कॉक दिवसाला सरासरी 3 जातात. मागणी नोंदवल्यापासून माल यायला बहुतेक वेळा 4 दिवस लागतात, पण ताणला की 6. हिशेब नेहमी ताणलेल्या दिवसांचा धरायचा, सरासरीचा नाही, कारण माल नेमका ताणलेल्या वेळीच संपतो. तर 3 गुणिले 6, म्हणजे 18. वर एखादा प्लंबर एकदम 6 उचलतो, त्यासाठी राखीव 6. झाले 24. म्हणजे 24 नग उरले की त्याच दिवशी मागणी जायला हवी. पण 24 उरले हे कळणार कसं? रोज कोण मोजणार? काकांनी मागून 24 नग वेगळे केले आणि त्यांच्या पुढे पुठ्ठ्याचा लाल तुकडा उभा केला. पुढचे नग विकत विकत लाल पुठ्ठा हाताला लागला की मुलाने तो काढून काउंटरवरच्या खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी वही उघडली की खिळ्यावर जेवढे पुठ्ठे तेवढ्या मागण्या लिहायच्या. मोजायचं नाही, आठवायचं नाही.

सगळ्या मालाला हे करू नका. त्यांच्याकडे शेकड्यांनी वस्तू आहेत, पुठ्ठे फक्त रोज हलणाऱ्या पंचवीस-तीस वस्तूंना लावलेत: टेफ्लॉन टेप, वॉशर, भिंतीतले प्लॅस्टिक प्लग, नेहमीच्या मापाचे स्क्रू. वर्षातून दोनदा जाणाऱ्या वस्तूला हा हिशेब लावला तर पैसे रॅकवर झोपून राहतात. आणि हंगाम बदलला की आकडाही बदलतो. पावसाच्या तोंडाशी गळती थांबवायचा माल दुप्पट जातो, तेव्हा जुना पुठ्ठा खोटं बोलायला लागतो. पुठ्ठा लागल्यावर मागवूनही माल संपला, असं दोनदा झालं की आकडा वाढवायचा, एवढी खूण पुरते.

आता वेळेचं. संध्याकाळी म्हणजे नक्की केव्हा, यावर पुष्कळ अडतं. काका आधी शटर ओढल्यावर लिहायचे. तेव्हा पाय बोलत असतात, डोकं चालत नसतं, आणि जे उतरतं ते नियोजन कमी आणि तक्रारवही जास्त. शिवाय तोवर गल्ला मोजून झालेला असायचा. गल्ल्यात रोजमेळापेक्षा थोडे जरी कमी भरले, की बाकी सगळं विसरून माणूस त्या फरकामागे लागतो आणि वही मिटलेलीच राहते. म्हणून आता क्रम उलटा आहे. गर्दी ओसरली की, गल्ल्याला हात लावायच्या आधी, उभ्या उभ्याच काउंटरवर दहा मिनिटं. मध्ये गिऱ्हाईक आलं तर येऊ दे, ओळ तुटत नाही. दिवसभरात काही सुचलं तर बिलबुकाच्या मागच्या पानावर एक शब्द टाकून ठेवतात आणि संध्याकाळी तिथून वहीत नीट उतरवतात. मागचं पान कच्चं, वही पक्की. वही घरी न्यायची नाही, ही काकूंची अट, आणि ती मला पटते.

मोबाईलवर करू नये का, असं कुणीतरी विचारेलच. करा, हरकत नाही. पण काउंटरवर मोबाईल हातात घेतला की त्यावर आधी मेसेज दिसतात, आणि फटीतली दहा मिनिटं तिथेच जातात. कागद काउंटरवर उघडा पडलेला असला की मुलालाही दिसतो. काकांचं निम्मं काम त्यामुळेच हललं. पूर्वी मुलगा ‘आता काय करू?’ विचारायचा आणि काका ‘थांब जरा’ म्हणायचे. आता तो पान बघतो आणि खिळ्यांची बरणी भरायला घेतो. काम झालं की त्यानेच काट मारायची, तो मान त्याचा. तुमच्याकडेही एक मुलगा आहे म्हणताय, तर मधल्या भागातल्या ओळींपुढे आद्याक्षर टाकत चला. कुणाची ओळ आहे हे लिहिलेलं नसेल तर ती मालकाचीच होते.

झोपेचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगतो, कारण काकांना पहिला फरक तिथेच जाणवला. आधी ते अंथरुणात पडल्या पडल्या उठून बसायचे, ‘अरे, त्याचं पार्सल बाजूला काढायचं राहिलं.’ 2018 साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी 57 तरुणांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. झोपायच्या आधी पाच मिनिटं काहींनी पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायची आणि काहींनी झालेली कामं. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी 9 मिनिटं लवकर झोप लागली, आणि त्यातही ज्यांनी जास्त बारकाईने लिहिलं त्यांना अधिक लवकर. हे सगळे धडधाकट तरुण होते आणि प्रयोग झोपेच्या प्रयोगशाळेतल्या एका रात्रीचा होता, तेव्हा दुकानदाराला तेच 9 मिनिटं लागू, असं मी म्हणणार नाही. पण नुसतं ‘रंगवाला’ लिहिल्याने डोकं शांत होत नाही आणि पूर्ण ओळ लिहिल्यावर होतं, हे काकांचं निरीक्षण त्याच्याशी जुळतं. 2011 मधल्या मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या अभ्यासातही असंच दिसलं होतं: अर्धवट काम मनात घोळत राहतं, पण ते पूर्ण न करताही, कधी आणि कसं करणार याची ठोस योजना केली की ते घोळणं कमी होतं.

काय बदललं नाही तेही ऐका. संध्याकाळची गर्दी तेवढीच आहे. पाय तेवढेच दुखतात, त्यासाठी त्यांनी काउंटरमागे उंच स्टूल घेतलं, वहीने नाही झालं ते. दुकान दहा मिनिटंही लवकर बंद होत नाही. आणि महिन्यातून काही दिवस असे जातात की पानावर एकही काट नसते: मुलगा आला नाही, वीज गेली, दोन गाड्या एकदम आल्या. अशा दिवशी काका उरलेल्या ओळी जशाच्या तशा उतरवत नाहीत. नवं पान घेऊन पुन्हा ठरवतात, आणि गंमत म्हणजे कालच्या पाचातल्या दोन आज नकोशाच वाटतात. नुसतं उतरवून काढणं सुरू झालं की समजा वही मेली. हात चालतोय, डोकं नाही.

उद्यापासून करायचं असेल तर आधी वही आणू नका. दोन-तीन दिवस फक्त बिलबुकाच्या मागे, गिऱ्हाईक नसताना डोक्यात काय काय आलं तेवढं टिपा. त्यातूनच कळेल की तुमच्या दुकानात फटी केव्हा पडतात. काकांच्या दुकानात त्या दुपारी जेवणानंतर मोठ्या पडतात, तुमच्याकडे सकाळी पडत असतील. त्याप्रमाणे मधला भाग जड किंवा हलका ठेवा.

उधारीची मात्र ओळ काकांच्या पानावर कधीच टिकली नाही. तीनदा उतरली, तुकडे केले, नावं लिहिली, फोन नंबर लिहिले, तरी काट नाही. ओळखीच्या माणसाकडे पैसे मागायला त्यांची जीभ रेटत नाही. मग नियमाप्रमाणे ती दुसऱ्याला दिली. आता आठवड्यातून एकदा काकू दुकानात येतात, यादी घेऊन मागच्या खोलीत बसतात आणि तासाभरात सगळे फोन उरकतात. काका तेवढा वेळ रॅकच्या पलीकडे काहीतरी शोधत असतात.